जाहिरातीच्या फोटोतला ‘किंवा’: पात्रतेची अट नेमकी कशी वाचायची

नोकरीच्या इंग्रजी जाहिरातीचा फोटो पाठवून बहुतेक उमेदवार एकाच दमात दोन गोष्टी मागतात: ‘याचे मराठी करून द्या आणि मी यात बसतो का ते सांगा.’ यातली पहिली मागणी सोपी आणि दुसरी अवघड वाटते, पण अनुभव असा आहे की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच कामात नकळत देऊन टाकले जाते. पात्रतेच्या वाक्यातील एखादा शब्द मराठीत कुठे ठेवला यावर उमेदवार आत राहतो की बाहेर पडतो हे ठरते. मूळ जाहिरातीने जे मोकळे सोडले होते ते भाषांतरकाराने परस्पर ठरवलेले असते आणि त्याचा पत्ता उमेदवाराला लागत नाही. हे कसे होते, ते माझ्याकडे आलेल्या एका फोटोच्या आधारे सांगतो. नावे आणि ओळख पटेल असे तपशील त्यातून काढले आहेत.

फोटो भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरचा होता. पद ‘स्टोअर्स असिस्टंट’, म्हणजे भांडारात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद ठेवणारा साहाय्यक. अनुवादाला हात घालण्यापूर्वी मी फोटो पूर्ण आहे का ते पाहतो. या फोटोत पात्रतेच्या ओळीशेजारी वर एक बारीक तारांकन होते, पण त्या तारांकनाची टीप जिथे असायला हवी तो खालचा कोपरा फोटोत आलेलाच नव्हता. तारांकन दिसले आणि टीप दिसली नाही, तर वाक्य अर्धेच हाती आले आहे असे समजावे. उमेदवाराने परत जाऊन खालच्या पट्टीचा जवळून फोटो काढला, तेव्हा टीप सापडली: वय आणि अनुभव अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत मोजला जाईल. एवढ्या एका ओळीवर पुढचा सगळा हिशोब उभा राहणार होता.

आता पात्रतेचे मुख्य वाक्य. इंग्रजीत ते असे होते: ‘डिप्लोमा ऑर डिग्री इन कॉमर्स विथ मिनिमम टू इयर्स पोस्ट-क्वालिफिकेशन एक्स्पिरियन्स इन स्टोअर्स.’ एका नजरेत वाचले तर यात अवघड असे काही दिसत नाही. मात्र ‘इन कॉमर्स’ हे दोन शब्द फक्त डिग्रीला लागतात की डिप्लोमालाही, हे वाक्य सांगत नाही. पहिल्या वाचनात कोणत्याही शाखेची पदविका चालते आणि पदवी असेल तर ती वाणिज्य शाखेची लागते. दुसऱ्या वाचनात दोन्ही वाणिज्य शाखेच्याच लागतात. या उमेदवाराची पदविका कार्यालय व्यवस्थापनाची होती, त्यामुळे त्याच्यासाठी हा व्याकरणाचा खेळ नव्हता.

या वाक्याचे मराठी करताना एक गंमत होते. इंग्रजीत विशेषण लावणारे असे शब्दगट नामाच्या मागून येतात आणि मराठीत ते नामाच्या आधी येतात. म्हणून ‘वाणिज्य शाखेतील पदविका किंवा पदवी’ असे सहज लिहिले जाते. हेही वाक्य दुहेरी आहे, पण त्याचा संशय उलट्या बाजूला गेला आहे: आता पदविका वाणिज्याचीच लागते हे पक्के झाले आणि पदवी कोणतीही चालेल का, हा प्रश्न उभा राहिला. मूळ वाक्यात पदवीबद्दल शंका नव्हती, ती पदविकेबद्दल होती. शब्दश: बरोबर असलेल्या भाषांतराने या उमेदवाराला दाराबाहेर काढले असते. उलट ‘पदविका किंवा वाणिज्य शाखेतील पदवी’ असे लिहिले तर त्याला आत घेतले जाते, आणि तोही आपणच दिलेला निकाल ठरतो. म्हणून अशा ठिकाणी मी सुबक मराठी वाक्याचा हट्ट सोडतो आणि दोन्ही वाचने वेगवेगळ्या वाक्यांत लिहून देतो. वाचायला ते ओबडधोबड दिसते, पण जाहिरातीत जेवढे आहे तेवढेच उमेदवाराच्या हाती पडते.

अशा दुहेरी वाक्याचा उलगडा काही वेळा त्याच पोस्टरमध्ये होऊ शकतो. या पोस्टरवर खाली दुसरे पद होते, हिशेब साहाय्यकाचे, आणि त्यासाठी ‘डिप्लोमा इन अकाउंटिंग ऑर डिग्री इन कॉमर्स’ असे लिहिले होते. म्हणजे जिथे पदविकेचा विषय ठरावीक हवा होता तिथे जाहिरात लिहिणाऱ्याने तो स्वतंत्रपणे लिहिला होता. त्यावरून वरच्या पदासाठी पदविका कोणतीही चालत असावी, असा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच असतो, कारण दोन पदांच्या अटी दोन वेगळ्या माणसांनी लिहून दिलेल्या असू शकतात. असा पुरावा पुढे प्रश्न विचारताना उपयोगी पडतो, उत्तर म्हणून तो पुरत नाही.

त्याच वाक्यातील ‘विथ मिनिमम टू इयर्स’ हा भाग पदवीपुरता आहे की पदविकाधारकांनाही लागू आहे, हाही प्रश्न विचारता येतो. इथे मात्र मी फार घोळ घालत नाही. पदवीवाल्याकडून अनुभव मागायचा आणि पदविकावाल्याला तो माफ करायचा, हे कोणत्याही नोकरीत उलटे वाटेल, त्यामुळे अट दोघांनाही लागू आहे असेच धरून चालावे.

सगळ्यात जास्त अर्ज ज्या शब्दावर अडकतात तो शब्द ‘पोस्ट-क्वालिफिकेशन’ आहे. ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ एवढेच मराठी करून तो शब्द वगळला जातो, आणि वगळणाऱ्याला त्यात काही गमावले असे वाटत नाही. त्याचा अर्थ आहे अर्हता मिळाल्यानंतरचा अनुभव. पदविका किंवा पदवी हाती येण्यापूर्वी केलेले काम कितीही खरे आणि कितीही उपयोगी असले, तरी या मोजणीत ते धरले जात नाही. इथे ‘पोस्ट’ या शब्दाचा पद किंवा टपाल यांच्याशी काही संबंध नाही. एका अनुवादात मी ‘पद-अर्हता अनुभव’ असे वाचले आहे, आणि त्यातून काही अर्थ लावणे उमेदवाराला शक्यच नव्हते.

आता हा हिशोब तारखा घेऊन करू. उमेदवाराने १ जून २०२० ते ३१ डिसेंबर २०२१ या काळात एका गोदामात काम केले, म्हणजे १९ महिने. त्यानंतर १ एप्रिल २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ या काळात दुसऱ्या ठिकाणी भांडारात काम केले, ते १७ महिने. दोन्ही मिळून ३६ महिने होतात, म्हणजे पूर्ण तीन वर्षे, आणि अट दोन वर्षांची. त्याला स्वत:ला याबद्दल काही शंका नव्हती. पण त्याच्या पदविकेचा निकाल १० जुलै २०२१ रोजी लागला होता. पहिल्या नोकरीतला निकालानंतरचा भाग १० जुलै ते ३१ डिसेंबर २०२१ एवढाच, म्हणजे ५ महिने २२ दिवस. त्यात दुसऱ्या नोकरीचे १७ महिने मिळवले की २२ महिने २२ दिवस होतात. अट २४ महिन्यांची असल्यामुळे तीन वर्षे काम केलेला माणूस सव्वा महिन्याने कमी पडत होता.

या मोजणीत निकालाची तारीख धरायची की प्रमाणपत्रावरची, असाही प्रश्न येतो. काही ठिकाणी निकाल जाहीर झाल्याचा दिवस धरतात, काही ठिकाणी प्रमाणपत्र दिल्याचा, आणि या दोहोंत काही महिन्यांचे अंतर असू शकते. पोस्टरवर तसा उल्लेख नसेल तर आपला हिशोब दोन्ही तारखांनी करून पाहावा. या उमेदवाराच्या बाबतीत मी निकालाची तारीख घेतली, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तीच तारीख छापलेली होती.

मी त्याला विचारले की ऑगस्ट २०२३ नंतर त्याने काय केले. तो म्हणाला, “काही नाही, अर्धवेळ होतो एका ठिकाणी, ते काय धरायचे?” १ ऑक्टोबर २०२३ पासून तो सहा दिवसांच्या आठवड्यात तीन दिवस एका भांडारात मालाच्या नोंदी करत होता. जाहिरातीची अंतिम तारीख १५ मार्च २०२४ होती, आणि टिपेनुसार अनुभव त्या तारखेपर्यंत मोजला जाणार होता. म्हणजे अर्धवेळ कामाचे साडेपाच महिने. ते प्रमाणात निम्मे धरले तर सुमारे पावणेतीन महिने होतात आणि एकूण अनुभव २५ महिन्यांच्या थोडा वर जातो. ते अजिबात धरले नाही तर २२ महिने २२ दिवसांवर गाडी थांबते. अर्धवेळ कामाबद्दल पोस्टरवर एक अक्षर नव्हते. ‘फुल-टाइम एक्स्पिरियन्स’ असे लिहिले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता, पण तसे लिहिलेले नव्हते.

तारखेबद्दलची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अंतिम तारीख १५ मार्च अशी होती म्हणून बरे, कारण महिन्याचा आकडा पंधरा असू शकत नाही. ‘०३/०४/२०२४’ असे लिहिलेले असते तर ती ३ एप्रिल की ४ मार्च हे केवळ त्या आकड्यांवरून कळले नसते, कारण जगात दोन्ही पद्धती चालतात. अशा वेळी त्याच पोस्टरवर दुसरी एखादी तारीख शोधावी. प्रसिद्धीची तारीख ‘१९/०२/२०२४’ अशी दिसली, की दिवस आधी लिहिला जातो हे कळते. शोधूनही तशी तारीख सापडली नाही, तर दोन्हीपैकी आधी येणारी तारीख धरून अर्ज पाठवावा.

वयाच्या ओळीत नकाराची अडचण असते. ‘नॉट एक्सीडिंग ३५ इयर्स’ आणि ‘बिलो ३५ इयर्स’ या दोन्हींचे मराठी ‘वय ३५ पर्यंत’ असे केले जाते, आणि दोघांतला फरक नाहीसा होतो. ‘बिलो’ म्हणजे ठरलेल्या तारखेला पस्तिसावा वाढदिवस झालेला नसावा. ‘नॉट एक्सीडिंग’ म्हणजे पस्तिशी ओलांडलेली नसावी, पण पस्तीस वर्षे आणि दोन महिने वयाचा माणूस त्यात बसतो का, याचा अर्थ नोकरी देणारा आपल्या रीतीने लावतो. काही जाहिराती ही अट जन्मतारखेने देतात: ‘बॉर्न नॉट अर्लियर दॅन’ आणि पुढे तारीख. याचे ‘त्या तारखेपूर्वी जन्मलेला’ असे भाषांतर मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे, आणि ते बरोबर उलटे आहे. मराठीत तिथे सरळ ‘त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेला’ असे लिहावे, म्हणजे दोन नकारांची कसरत राहत नाही.

पात्रतेच्या खाली दोन छोटे परिच्छेद होते. एकाचे शीर्षक ‘इसेन्शियल’, दुसऱ्याचे ‘डिझायरेबल’. पहिल्यातले नसेल तर अर्ज छाननीतच बाद होतो. दुसऱ्यातले असेल तर बरे, नसेल तरी अर्ज टिकतो. ‘ॲडेड ॲडव्हान्टेज’ किंवा ‘प्रेफरन्स विल बी गिव्हन’ हे शब्द याच दुसऱ्या वर्गातले. घोटाळा दोन दिशांनी होतो. ‘शीतगृहातील अनुभव इष्ट’ या ओळीचे मराठीत ‘शीतगृहातील अनुभव हवा’ असे झाले की पात्र माणूस अर्जच करत नाही. दुसरीकडे, इष्ट गोष्टी भरपूर आहेत म्हणून अनिवार्य गोष्टीतली उणीव भरून निघेल असे काही जण समजतात, तर ती भरून निघत नाही. चार वर्षे शीतगृहात काढलेल्या माणसाला संगणकावरील तक्त्यांचे काम येत नसेल आणि ते ‘इसेन्शियल’मध्ये असेल, तर ती चार वर्षे त्या ठिकाणी मोजलीच जात नाहीत.

‘ऑर इक्विव्हॅलंट’ म्हणजे ‘किंवा समकक्ष’. यात एक न लिहिलेला भाग असतो: समकक्ष आहे की नाही हे नोकरी देणारा ठरवतो, अर्जदार नव्हे. आपली अर्हता दुसऱ्या नावाची असेल तर अर्जासोबत तिचा अभ्यासक्रम आणि कालावधी एका ओळीत सांगणे इष्ट, कारण छाननी करणाऱ्याला ते नाव ठाऊक असेलच असे नाही.

एवढे झाल्यावर उमेदवारापुढे दोन खऱ्या शंका उरल्या: पदविका कोणत्याही शाखेची चालते का, आणि अर्धवेळ अनुभव प्रमाणात मोजतात का. अशा वेळी मी एक साधा निकष लावतो. प्रत्येक मोकळी जागा आपल्या विरुद्ध वाचून पाहावी. तसे वाचूनही आपण पात्र ठरत असू, तर न विचारता अर्ज करावा. विरुद्ध वाचल्यावर अपात्र आणि बाजूने वाचल्यावर पात्र ठरत असू, तर विचारावे. दोन्हीकडून अपात्र ठरत असू, तर अर्जाचा वेळ दुसऱ्या जाहिरातीला द्यावा. हा उमेदवार मधल्या गटात होता, म्हणून त्याने पोस्टरवरच्या पत्त्यावर ई-मेल पाठवला.

तो पत्ताही फोटोतून उतरवायचा होता, आणि तिथे पुन्हा चूक होता होता राहिली. पत्ता अधोरेखित केलेला होता. अधोरेखित पत्त्यातील खालची आडवी रेघ, म्हणजे अंडरस्कोर, त्या रेषेत मिसळून जाते आणि तिथे नुसती मोकळी जागा दिसते. `hr_stores@example.com` हा पत्ता ‘एचआर’, मग जागा, मग ‘स्टोअर्स’ असा वाचला जातो. ई-मेल पत्त्यात मोकळी जागा नसते, तेव्हा जागा दिसली तर तिथे अंडरस्कोर आहे का ते फोटो मोठा करून पाहावे. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल यांचेही तसेच. पत्ता, संदर्भ क्रमांक आणि पदाचे इंग्रजी नाव यांचे भाषांतर कधी करू नये, ते अक्षर न् अक्षर तसेच उतरवून द्यावे, कारण उमेदवाराला ते तसेच टंकायचे असते.

प्रश्न विचारताना ‘मी पात्र आहे का?’ असे विचारू नये. या प्रश्नाला कार्यालयाकडून येणारे नेहमीचे उत्तर ‘कृपया जाहिरात पाहा’ असे असते, कारण छाननीपूर्वी कोणालाही पात्र ठरवण्याची त्यांची तयारी नसते. त्याऐवजी नियमाबद्दल विचारावे. त्याने दोनच वाक्ये लिहिली: पदविका वाणिज्य शाखेचीच असावी का, आणि आठवड्यात तीन दिवसांचा अनुभव प्रमाणात धरला जातो का. तीन दिवसांनी उत्तर आले की पदविका कोणत्याही शाखेची चालेल आणि अर्धवेळ अनुभव कामाच्या दिवसांच्या प्रमाणात मोजला जाईल, मात्र अनुभवाच्या प्रमाणपत्रावर आठवड्याचे दिवस लिहिलेले असावेत. ही शेवटची अट पोस्टरवर कुठेही नव्हती. त्याने अर्धवेळ कामाच्या ठिकाणाहून प्रमाणपत्र पुन्हा लिहून घेतले.

अर्ज कसा करावा, या भागात तुलनेने कमी गोंधळ होता. संदर्भ क्रमांक ई-मेलच्या विषयात लिहायचा होता, म्हणून त्याने विषय असा ठेवला: `Application for the post of Stores Assistant, Ref. No. SA-05/24`. सर्व कागद एकाच पीडीएफमध्ये मागितले होते, आणि पाच वेगळे फोटो जोडणे म्हणजे एक पीडीएफ नव्हे, हे त्याला सांगावे लागले. ‘नेम्स ऑफ टू रेफरीज’ या ओळीवर तो अडला होता, कारण शब्दकोशात त्याला ‘पंच’ सापडले. इथे अर्थ आहे, आपल्या कामाबद्दल विचारले असता सांगू शकतील अशा दोन व्यक्ती. नातेवाईक सहसा चालत नाहीत, आणि ज्यांचे नाव द्यायचे त्यांना आधी विचारणे आवश्यक असते, कारण त्यांना खरोखर फोन जाऊ शकतो.

टपालाने अर्ज मागवला असेल तर ‘टू रीच ऑन ऑर बिफोर’ हे शब्द नीट पाहावेत. त्या तारखेपर्यंत अर्ज पोचलेला असावा लागतो, नुसता पाठवलेला असून भागत नाही. ‘वॉक-इन’ असे असेल तर अर्ज आधी पाठवायचा नसतो, ठरलेल्या दिवशी कागद घेऊन थेट हजर राहायचे असते. ‘ओन्ली शॉर्टलिस्टेड कॅन्डिडेट्स विल बी कॉन्टॅक्टेड’ या ओळीचा अर्थ एवढाच की छाननीनंतरच्या यादीत नाव आले नाही तर काहीही कळवले जाणार नाही. ‘सर्व निवडक उमेदवारांना बोलावले जाईल’ असे तिचे आश्वासक मराठी करू नये. अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मुलाखतीला बोलावलेच जाईल, असाही अर्थ तिच्यात नाही.

एका फोनवरून दुसऱ्या फोनवर, तिथून तिसऱ्या फोनवर आलेली पोस्टरे मागच्या वर्षीची असू शकतात. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी तोच संदर्भ क्रमांक नोकरी देणाऱ्याच्या स्वत:च्या संकेतस्थळावर सापडतो का ते आम्ही पाहिले, आणि तो सापडला. अर्जासाठी किंवा मुलाखतीसाठी कोणा व्यक्तीच्या खात्यात पैसे भरायला सांगितले असते, तर मी तिथेच थांबलो असतो.

अर्जातील अनुभवाच्या तक्त्यात त्याने सुरुवातीला ‘३ वर्षे’ एवढेच लिहिले होते. ते खोडून आम्ही चार ओळी केल्या: पदविकेपूर्वीचा काळ वेगळा, त्यानंतरचे ५ महिने २२ दिवस वेगळे, १७ महिने वेगळे आणि अर्धवेळ साडेपाच महिने ‘आठवड्यातून ३ दिवस’ असा उल्लेख करून वेगळे. छाननी करणारा माणूस निकालाची तारीख शेजारी ठेवून हाच हिशोब करणार होता, तेव्हा तो त्याला तयार मिळणे उमेदवाराच्या सोयीचे होते. १२ मार्चला अर्ज गेला आणि त्याच दिवशी पोच आली. पोच देणाऱ्या ई-मेलमध्ये संदर्भ क्रमांक बरोबर आहे का, एवढे आम्ही ताडून पाहिले.